फोनवर बोटाने हीलिंग करताना त्वचेवर फराटा उठतो: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

चेहऱ्याच्या फोटोतली बारीकशी पुळी काढायला हीलिंग टूल उघडायचं, बोट टेकवायचं, आणि पुळीच्या जागी एक गुळगुळीत, मळकट पट्टा उमटायचा. ओळखीतल्या लोकांचे असे फोटो माझ्याकडे सतत येतात. ॲप वेगळं असतं, फोन वेगळा असतो, पण बिघाड जवळपास तोच असतो आणि बहुतेक वेळा पैसा न खर्चता सुटतो. आधी लक्षणं सांगतो, कारण फराटा कसा दिसतो त्यावरून तो कशामुळे आला हे बरंचसं कळतं.

लक्षणं

पुळी गेली, पण तिच्या जागी रोमछिद्रं नसलेला, मेण लावल्यासारखा गोल दिसतो: ब्रश पुळीपेक्षा फार मोठा होता, किंवा त्याच जागी पुन्हा पुन्हा बोट टेकवलं गेलं.

पुळीच्या जागी काळसर किंवा लालसर ओघळ आला, आणि तो ओठाकडे, भुवईकडे किंवा केसांकडे जातो: ब्रशची कड शेजारच्या रेषेवर पडली होती.

पुळी तशीच राहिली आणि तिच्या थोडं खाली किंवा बाजूला डाग उठला: बोट जिथे टेकलं असं वाटलं तिथे ते टेकलंच नव्हतं.

जिथे काही केलंच नाही तिथे, म्हणजे गालावर किंवा कपाळावर, एखादा मऊ ठिपका सापडतो: झूम करताना पहिलं बोट चुकून ब्रश म्हणून धरलं गेलं.

सगळ्या फोटोंत, चेहरा कुठेही असला तरी, फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात ठिपका दिसतो: हा त्वचेचा प्रश्नच नाही. त्याबद्दल शेवटी.

पहिली तपासणी: किती झूम केलंय?

सगळ्यात आधी हे बघायचं, कारण निम्म्याहून जास्त फराटे इथेच संपतात. फराटा उठला असेल तर आधी अन्डू करून मूळ फोटोवर परत या. फराट्यावरच पुन्हा हीलिंग करू नका.

आता थोडा हिशोब. समजा फोटो 12 मेगापिक्सेलचा आहे, 3000 बाय 4000 पिक्सेल, उभा धरून काढलेला. फोनचा पडदा साधारण 68 मिलिमीटर रुंद आहे. अख्खा फोटो पडद्यावर मावलेला असतो तेव्हा पडद्याच्या एका मिलिमीटरमध्ये फोटोतले जवळजवळ 44 पिक्सेल बसतात. गालावरची बारीक पुळी 24 पिक्सेल रुंद असेल, तर पडद्यावर ती फक्त अर्धा मिलिमीटर दिसते. ब्रशचा ठिपका मात्र 5 मिलिमीटरचा असला, तरी तो 220 पिक्सेल झाकतो. म्हणजे पुळीच्या नऊपट रुंद आणि ऐंशीपटीहून जास्त क्षेत्रफळाचा तुकडा बदलायला तुम्ही टूलला सांगताय. त्या तुकड्यात चांगली त्वचा आहे, सावली आहे, एखादा केसही आहे. ते सगळं पुसून तिथे दुसरीकडची त्वचा आणून बसवली जाते आणि तीच फराट्यासारखी दिसते.

तोच फोटो आठपट झूम केला की एका मिलिमीटरमध्ये साडेपाच पिक्सेल उरतात. पुळी आता साडेचार मिलिमीटरच्या आसपास दिसते आणि 5 मिलिमीटरचा ठिपका तिला जेमतेम झाकतो. माप एवढंच हवं: डाग पूर्ण झाकला जावा आणि चारी बाजूंनी चांगल्या त्वचेची बारीकशी कड आत यावी. डागाची कड बाहेर राहिली तर तिचाच रंग आत ओढला जातो आणि पुळी फिकट होऊन तिथेच राहते.

स्नॅपसीडच्या हीलिंगमध्ये ब्रश लहान-मोठा करायची पट्टीच नाही. तिथे झूम हीच ब्रशची पट्टी. जास्त झूम म्हणजे बारीक ब्रश. लाइटरूमसारख्या ॲपमध्ये आकाराची वेगळी पट्टी असते, पण म्हणून झूम टाळू नका. बोटाचं टोक काही लहान होत नाही, आणि नेम धरायला डाग डोळ्यांना नीट दिसावा लागतो. तुमच्या ॲपमध्ये झूमबरोबर ब्रश बदलतो का हे कळत नसेल, तर एखाद्या मोकळ्या जागी, भिंतीवर किंवा आकाशावर, एकदा झूम न करता आणि एकदा खूप झूम करून बोट टेकवा आणि उमटलेले ठिपके ताडून बघा. मग दोन्ही अन्डू करा.

झूमलाही मर्यादा आहे. चौकोनी पिक्सेल वेगवेगळे दिसायला लागले की फार पुढे गेलात. तिथे पुळी आणि रोमछिद्र यांत फरक कळत नाही आणि माणूस रोमछिद्रंही काढत सुटतो.

दुसरी तपासणी: बोट नक्की कुठे पडतंय?

पडद्यावर बोट टेकलं की सपाट झालेल्या मांसल भागाचा मोठा ठिपका पडद्याला लागतो. फोन त्या ठिपक्याचा मध्य काढतो आणि तीच जागा धरतो. आपली नजर मात्र बोटाच्या टोकावर, नखाजवळ असते. त्यामुळे बोट आडवं टेकवणाऱ्यांचा ब्रश नेहमी नजरेपेक्षा जरा खाली, तळहाताच्या बाजूला पडतो. बोट शक्य तितकं उभं धरा, म्हणजे टेकणारा भाग लहान होतो आणि त्याचा मध्य टोकाजवळ येतो. नुसत्या नखाने चालत नाही. पडद्याला कातडीचा स्पर्श लागतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर अँड्रॉइड फोनमध्ये सोय आहे. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत जाऊन `Build number` वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपरसाठीचे पर्याय उघडतात. त्यात `Show taps` चालू करा. आता बोट जिथे टेकेल तिथे पांढरा ठिपका दिसतो. बोट हळूच एका बाजूला लोळवून बघा, ठिपका कसा सरकतो ते कळेल. काम झाल्यावर हा पर्याय बंद करा आणि बाकीच्या पर्यायांना हात लावू नका.

याच ठिपक्यावरून आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. बोट उचलताना आपण ते सरळ वर नेत नाही, मागे लोळवत उचलतो. त्या अर्ध्या क्षणात ठिपका एखादा मिलिमीटर सरकतो. टूलच्या दृष्टीने तुम्ही टॅप केलेलंच नसतं, छोटीशी रेघ ओढलेली असते. गोल तुकड्याऐवजी लांबट तुकडा बदलला जातो आणि त्याची शेपटी शेजारच्या सावलीत शिरते. टॅप करायचा, घासायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी फराटा उठतो तो या उचलण्यात. मनगट टेबलावर टेकवा, फोन हातात न धरता सपाट ठेवा, आणि बोट जसं खाली नेलं तसंच वर घ्या.

चुकून उठणाऱ्या ठिपक्यांचाही इथेच बंदोबस्त होतो. दोन बोटांनी झूम करताना एक बोट आधी टेकलं तर कित्येक ॲप त्याला ब्रश समजतात. दोन्ही बोटं एकदम टेकवा, आणि प्रत्येक झूमनंतर फोटोवर नजर फिरवा. नको तिथे काही उमटलं असेल तर लगेच अन्डू. पुढे वीस टॅप झाल्यावर ते सापडलं, तर मधलं सगळं काम मागे घ्यावं लागतं.

ओलसर किंवा तेलकट बोट, आणि पडद्यावरचा मळ, यांनीही स्पर्श भरकटतो. पडदा कोरड्या मऊ कापडाने पुसा, हात धुऊन पूर्ण कोरडे करा.

तिसरी तपासणी: डाग रेषेजवळ आहे का?

झूम बरोबर आहे, बोटही सरळ पडतंय, तरी ओघळ येतोच, तर प्रश्न जागेचा आहे. इथे टूल आत काय करतं ते समजलं की उपाय आपोआप सुचतो.

हीलिंग ब्रश 2002 साली फोटोशॉपच्या 7.0 आवृत्तीत आला. तेव्हापासून अशा टूलची मूळ कल्पना साधारण तीच आहे: फोटोतल्या दुसऱ्या जागेवरून त्वचेचा पोत, म्हणजे रोमछिद्रं, बारीक खळगे आणि चमक, उचलायचा, आणि रंग-उजेड मात्र तुम्ही टेकवलेल्या ठिपक्याच्या कडेवरून घ्यायचा. ठिगळ मूळ कापडात बेमालूम मिसळावं म्हणून त्याच्या कडेचा रंग आजूबाजूच्या त्वचेशी जुळवला जातो, आणि तो जुळवलेला रंग कडेपासून आतपर्यंत हळूहळू पसरतो.

गालाच्या मध्यावर सगळ्या बाजूंनी सारखीच त्वचा असते, म्हणून तिथे हे छान जमतं. पण ठिपक्याच्या कडेचा एखादा कोपरा ओठाच्या रेषेवर, नाकपुडीच्या सावलीत किंवा भुवईच्या केसांवर पडला, तर तिथला गडद रंगही आत पसरतो. तोच तो ओघळ. तुमचा डाग लहान होता की मोठा याच्याशी त्याचा संबंध नाही. कडेने काय शिवलं, एवढंच महत्त्वाचं.

म्हणून रेषेजवळच्या डागाला नेहमीच्या निम्म्या ब्रशने हात घाला, आणि ठिपका असा टेकवा की त्याची एकही बाजू रेषेला लागणार नाही. डाग एका टॅपमध्ये झाकला जात नसेल तर दोन लहान टॅपमध्ये घ्या: आधी रेषेपासून लांबचा भाग, मग रेषेजवळचा. पहिला भाग नीट झाला की दुसऱ्या टॅपला शेजारी चांगली त्वचा मिळते.

डाग रेषेवरच बसला असेल, अर्धा ओठावर आणि अर्धा त्वचेवर, तर एका टॅपचं हीलिंग तिथे चालत नाही. ज्या ॲपमध्ये पोत कुठून घ्यायचा ती जागा आपण सरकवू शकतो, तिथे ती जागा त्याच ओठाच्या रेषेवर थोडी पुढे नेऊन ठेवा, म्हणजे रेषेवर रेष बसते. हेही जमलं नाही तर क्लोन टूल वापरा. क्लोन रंग मिसळत नाही, जसं आहे तसं उचलून ठेवतं, म्हणून रेष धारदार राहते. मात्र मूळ जागेचा उजेड नव्या जागेशी जुळतोय का, हे तुम्हालाच बघावं लागतं.

एक उदाहरण, पायरी पायरीने

खिडकीजवळ काढलेला चेहऱ्याचा फोटो. उजेड डावीकडून, चेहऱ्याची उजवी बाजू सावलीत. उजव्या ओठाच्या कोपऱ्याखाली एक पुळी, ओठापासून तिच्या स्वतःच्या रुंदीएवढ्या अंतरावर. आणि नेमकी तिच्यावरूनच उजेड-सावलीची सीमा जाते. हीलिंग करून माझ्याकडे आला तेव्हा तिथे करड्या रंगाचा लांबट डाग होता, ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीकडे ओघळलेला.

आधी सगळं अन्डू करून मूळ फोटो घेतला. पुळी 4 मिलिमीटरच्या आसपास दिसेपर्यंत झूम केलं आणि ती पडद्याच्या मधोमध आणली. पडद्याच्या कडेला असलेल्या डागावर नेम धरताना मनगट वळतं आणि बोट तिरपं पडतं, म्हणून मध्य महत्त्वाचा.

पहिला टॅप पुळीच्या उजेडातल्या अर्ध्या भागावर. बोट उचललं आणि टूल काम संपवेपर्यंत थांबलो. काही फोनवर आधी कच्चं चित्र दिसतं आणि क्षणभराने खरं. कच्च्या चित्राला फराटा समजून दुसरा टॅप केला की खरा फराटा तयार होतो. उजेडातली बाजू स्वच्छ झाली. दुसरा टॅप सावलीतल्या अर्ध्यावर, ओठापासून जरा दूर धरून. पोत उचलताना ॲपने उजेडातली जागा निवडली आणि तिथे चमकदार ठिपका उठला. अन्डू. बोट केसभर खाली सरकवून पुन्हा टॅप केला, तेव्हा ॲपने सावलीतलाच पोत घेतला. स्वतः जागा निवडणारं टूल टेकवण्याच्या जागेत जरासा बदल झाला तरी दुसरीकडून पोत घेऊ शकतं, म्हणून अन्डू करून थोडं सरकून टॅप करणं हा उपाय करून बघण्यासारखा आहे.

मग झूम काढून अख्खा फोटो पाहिला. पुळीच्या जागी अगदी फिकट गुलाबी छटा राहिली होती. ती तशीच ठेवली. आठपट झूममध्ये ती खटकत होती, पूर्ण चेहऱ्यात दिसतही नव्हती, आणि तिच्यावर तिसरा टॅप केला असता तर मेणाचा गोल आला असता. ठिगळावर ठिगळ लावलं की दर वेळी पोत आणखी सपाट होत जातो. एका जागेवर दोन टॅपमध्ये जमलं नाही, तर त्या जागेवर तिसरा मारण्याऐवजी दोन्ही मागे घेऊन वेगळ्या मापाने सुरुवात करणं बरं.

पुळी शेवटी जाणारी गोष्ट आहे, पण तीळ आणि जुना व्रण हे त्या माणसाच्या चेहऱ्याचे भाग आहेत. ते काढायचे की नाही हे फोटोतल्या माणसाला विचारल्याशिवाय मी ठरवत नाही.

चौथी तपासणी: फोटोच मुळात कसा आहे?

इथपर्यंत सगळं नीट असूनही ठिगळ ओळखू येत असेल, तर फोटोची प्रत तपासा. मेसेजमधून आलेला फोटो बहुधा आकाराने कमी केलेला आणि जोरात दाबलेला असतो. जेपेगमध्ये फोटो 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनांत दाबला जातो आणि फार दाबल्यावर त्या चौकोनांच्या कडा त्वचेवर दिसू लागतात. हीलिंगचा गोल त्या चौकड्यांना मधूनच कापतो, म्हणून नजरेत भरतो. फोटोच्या तपशिलात पिक्सेल बघा. लांब बाजू 4000 च्या आसपास असायला हवी आणि 1600 दिसत असेल, तर ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. त्याला पैसे लागत नाहीत आणि नंतरची झटापट वाचते.

दुसरं, हीलिंग सगळ्यात आधी करा. फिल्टर, शार्पनिंग, पोत उठावदार करणारं टूल, हे सगळं नंतर. आधी शार्पनिंग केलं तर पुळीभोवती पांढरट कड तयार होते आणि ती ब्रशच्या बाहेर राहून गोल कड्यासारखी उरते. कॅमेऱ्याचा ब्युटी मोड चालू असेल तर तोही बंद करून फोटो पुन्हा काढता येतो का बघा. त्याने आधीच त्वचा सपाट केलेली असते, मग उचलायला पोतच उरत नाही.

पाचवी तपासणी: खर्चाच्या गोष्टी

पडद्यावरची संरक्षक काच जाड असेल, कडेने उचलली असेल किंवा तिच्याखाली हवेचा बुडबुडा असेल, तर स्पर्श अडखळतो. काही फोनमध्ये काच लावलेली असताना स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याचा पर्याय असतो, तो आधी चालू करून बघा. काच बदलायची की नाही ते मग ठरवा.

स्टायलस घ्यायचाच असेल तर जाड रबरी टोकाचा नको. त्याचं टोक पडद्यावर दबून बोटासारखंच पसरतं आणि डाग झाकून टाकतं. पारदर्शक चकती असलेला चालतो, कारण चकतीतून खालचा डाग दिसतो. फोनबरोबर येणारा, त्याच पडद्यासाठी बनवलेला पेन असेल तर प्रश्नच मिटला. पण स्टायलसने तिसऱ्या तपासणीतला ओघळ जाणार नाही. तो नेमाचा नाही, कडेचा प्रश्न आहे.

कुठे थांबायचं

फ्रेममध्ये त्याच जागी येणारा ठिपका: लेन्स पुसा, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, मग फोन तसाच धरून भिंतीच्या दुसऱ्या जागेचा फोटो काढा. दोन्ही फोटोंत ठिपका फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात असेल, तर तो भिंतीवर नाही, कॅमेऱ्यात आहे. बाहेरून पुसून जात नसेल तर धूळ आत गेली आहे किंवा सेन्सरचा पिक्सेल बिघडला आहे. फोन स्वतः उघडू नका, सर्व्हिस सेंटरला दाखवा. प्रत्येक फोटोत तो ठिपका हीलिंगने काढत बसणं व्यर्थ आहे.

`Show taps` चालू असताना बोट न लावताच ठिपके उमटत असतील, किंवा पडद्याच्या एका पट्ट्यात स्पर्शच लागत नसेल, तर पडद्याचा स्पर्श ओळखणारा थर बिघडला आहे. संरक्षक काच काढून आणि फोन बंद-चालू करून एकदा बघा. तरीही तेच असेल तर तेही सर्व्हिस सेंटरचं काम.

आणि फोटोपुरतं: डाग पापणीच्या केसांत, दाढीत किंवा चष्म्याच्या काचेच्या कडेवर असेल, एका गालावरच पंचवीस-तीस डाग असतील, फोटो मोठ्या आकारात छापायचा असेल, किंवा तो जुन्या छापील फोटोची एकुलती एक प्रत असेल, तर फोनवर झटू नका. कॉम्प्युटरवर पेनने काम करणाऱ्या रीटचरला मूळ, हात न लावलेली फाइल द्या. त्याच्याकडे वेगळ्या लेयरवर पोत आणि रंग निरनिराळे सुधारण्याची सोय असते, ती बोटाला आणि एका टॅपच्या टूलला नाही. फोनवर हीलिंग करून सेव्ह केलेली फाइल मात्र त्याला देऊ नका. फराट्याखालचा मूळ पोत त्या फाइलमध्ये उरलेला नसतो, आणि तो परत आणणं त्यालाही शक्य नसतं.